मनगटावरची नाडी, मनगटावरचा ऑक्सिजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात माझा जुना फॅमिली डॉक्टरचा दवाखाना आहे. पूर्वी लोक आत येऊन आधी जीभ दाखवायचे, आता स्मार्ट घड्याळ बांधलेलं मनगट पुढे करतात. "ओ डॉक्टर, जरा बघा ओ, कालपासून ब्याण्णव दाखवायलंय." खानापूर, निपाणी, येळ्ळूर, कुठूनही आलेला पेशंट असो, प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. तेच इथे लिहून ठेवले आहेत. ही पानं तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत. छातीत दुखत असेल किंवा चक्कर येऊन पडायला झालं असेल, तर आधी "कधी थांबायचं नाही?" हा प्रश्न वाचा, बाकीचं नंतर.

### घड्याळात ऑक्सिजन ९१ आला. खरंच कमी झालाय का?

बहुतेक वेळा नाही. पण तसं का म्हणतो ते समजून घ्या, नाहीतर माझ्या शब्दावरचा विश्वास दवाखान्याच्या पायरीपर्यंतच टिकेल.

बोटाला लावतो त्या चिमट्यात प्रकाश बोटाच्या एका बाजूने शिरतो आणि दुसऱ्या बाजूला मोजला जातो. बोटाचं टोक रक्ताने भरलेलं असतं, त्यामुळे मशीनला मिळणारा सिग्नल चांगला असतो. घड्याळाला हे शक्य नाही, कारण मनगटातून आरपार प्रकाश जात नाही. ते लाल आणि डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश कातडीत सोडतं आणि त्याच बाजूला परत आलेला थोडासा प्रकाश वाचतं. मनगटाच्या वरच्या बाजूला हाड आणि शिरा जास्त, बारीक रक्तवाहिन्या कमी. सिग्नल आधीच अशक्त, त्यात हात जरा हलला, पट्टा ढिला असला किंवा हात गार पडला की आकडा घसरतो. जानेवारीत सकाळी सहाला क्लब रोडवर फिरून आलेल्या माणसाचा हात गार असतो, कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. त्या क्षणी घड्याळाने ९० दाखवलं, तर तो बहुधा थंडीचा आकडा असतो, फुप्फुसाचा नाही.

आमच्या भागातली आणखी एक गोष्ट. खेड्यातल्या आज्यांच्या हातावर मनगटापासून वर हिरवं गोंदण असतं. गोंदणाची शाई प्रकाश शोषून घेते, त्यामुळे अशा जागी बांधलेलं घड्याळ नाडीसुद्धा नीट वाचत नाही. नातवाने हौसेने आजीला घड्याळ घातलं, आकडा ८७ आला आणि रात्री अकरा वाजता घरातली चौघं माझ्या दारात. आजी मात्र गाडीत बसून पान लावत होत्या.

रात्रीचे आकडेही असेच फसवतात. झोपेत हात अंगाखाली दबला की एखादा ८८ उमटतो. एकट्या खड्ड्याला अर्थ नसतो. मात्र मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकल्यासारखा होणं, दिवसा दुकानात बसल्या बसल्या डुलक्या लागणं, हे सगळं असेल तर घड्याळ काहीही म्हणो, झोपेची तपासणी करून घ्यावी.

### बोटावर ९७ आणि घड्याळात ९२. कुणाचं खरं मानू?

बोटाचं. तेही हात चोळून गरम करून, नखावर नेलपॉलिश किंवा मेंदी नसलेल्या बोटाला, बसून, न बोलता, निदान मिनिटभर थांबून. चिमटा लावल्याबरोबर दिसणारा पहिला आकडा धरू नका, तो स्थिर व्हायला वेळ लागतो.

बोटावरचं चांगलं मशीनही साधारण दोन टक्के इकडेतिकडे असतं, क्वचित चारपर्यंत. कातडी जास्त सावळी असेल तर ते कधी कधी खऱ्यापेक्षा थोडा जास्त ऑक्सिजन दाखवतं, हेही माहीत असलेलं बरं. म्हणून ९७ चा ९५ झाला म्हणून छातीवर हात ठेवायचं कारण नाही. रक्त त्या पातळीला जवळजवळ भरलेलंच असतं. ९८ आणि ९५ यांच्यात शरीराला पोचणाऱ्या ऑक्सिजनात फारसा फरक पडत नाही.

या आकड्याची भीती कुठून आली, हे आपल्याला ठाऊक आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या लाटेत, बेळगावात औषधाच्या दुकानात ऑक्सिमीटर मिळत नव्हता, बेड मिळत नव्हता आणि "चौऱ्याण्णवच्या खाली गेला की दवाखाना" हे वाक्य प्रत्येक घरात पाठ झालं होतं. त्या आजारात ते वाक्य बरोबर होतं. आजार गेला, आकडा डोक्यात राहिला. ज्या घराने त्या दिवसांत माणूस गमावला, त्या घरात ९४ हा नुसता आकडा नाही, हे मी कधीच विसरत नाही.

### दम कोंडल्यासारखा होतो, पण ऑक्सिजन ९९ दाखवतं. मशीन खोटं बोलतंय का?

मशीन खरं बोलतंय आणि तुमचा त्रासही खरा आहे. हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथेच माणूस सगळ्यात जास्त गोंधळतो.

घाबरलं की आपण भरभर आणि वरवर श्वास घेतो, मधूनच मोठा उसासा टाकतो. त्यामुळे ऑक्सिजन वाढत नाही, कारण रक्त आधीच भरलेलं असतं. वेगाने बाहेर जातो तो कार्बन डायऑक्साइड. तो कमी झाला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, छाती आवळल्यासारखी वाटते. मग माणसाला वाटतं, हवा पुरत नाहीये, आणि तो आणखी जोरात श्वास ओढतो. म्हणजे हवा कमी पडल्याची भावना श्वास जास्त घेतल्यामुळे येत असते. ऑक्सिजन मोजणारं घड्याळ ही गोष्ट दाखवूच शकत नाही, ते कार्बन डायऑक्साइड मोजत नाही.

यावर साधा उपाय आहे. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाचेक मिनिटं. पण एक पथ्य पाळा. हे करताना घड्याळाकडे बघू नका. "श्वास हळू घेतला आणि आकडा ९९ चा ९८ झाला, आता काय?" असे फोन मला आलेले आहेत.

### नुसता बसलोय तरी नाडी १०४. हृदयाला काही झालंय का?

बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी ६० ते १०० च्या दरम्यान असते, असं पुस्तकात आहे. पण नाडी हा भिंतीवर ठोकलेला खिळा नाही. चहा प्यायलात, जेवलात, जिना चढून आलात, रात्री झोप झाली नाही, अंगात पाणी कमी आहे, तर ती वाढते. ताप असेल तर दर डिग्री सेल्सिअसला साधारण दहाने वाढते. दम्याचा पंप ओढल्यावर वाढते. नुसतं उठून उभं राहिलं तरी दहा-वीस ठोके वर जाते. आणि आपल्या विषयातलं महत्त्वाचं कारण, तिच्याकडे घाबरून बघितलं तरी वाढते.

दुचाकीवर असताना आलेले आकडे तर सोडूनच द्या. घड्याळ नाडी मोजतं ती हिरव्या प्रकाशाच्या लहान लहान चढउतारावरून. खड्ड्यांच्या रस्त्यावर हँडलचे हादरे किंवा पळताना पडणारी पावलं यांचीच लय ते कधी कधी नाडी समजून पकडतं. शंका आली तर थांबा, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा, तीस सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. एकदाच.

रोज न हलता, न घाबरता, सकाळी उठल्या उठल्याही नाडी शंभरच्या वर असेल, तर मात्र ते घड्याळाचं काम नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि एक ईसीजी करून घ्या. आमच्या भागातल्या बायकांत रक्त कमी असणं इतकं सर्रास आढळतं की "धडधड होते" म्हणणाऱ्या वहिनींच्या पापणीची आतली बाजू मी आधी बघतो, घड्याळ नंतर.

### बघितलं की जीवाला बरं वाटतं. मग बघण्यात वाईट काय?

बरं वाटतं, तिथेच सगळी गोम आहे.

छातीत एक ठोका चुकल्यासारखा होतो. मनात येतं, काही झालं तर? घड्याळ बघता, ७८. हुश्श. ही सुटका अगदी खरी असते आणि मेंदू तिच्याकडून एक धडा शिकतो: मी वाचलो, कारण मी बघितलं. पुढच्या वेळी छातीत काही झालं नाही तरी हात मनगटाकडे जातो. न बघता ती धडधड आपोआप गेली असती, हे कळायची संधीच मेंदूला मिळत नाही. शिवाय ७८ ची खात्री त्या मिनिटापुरतीच असते. पाच मिनिटांपूर्वीच्या आकड्यावर आताचा भरवसा कसा ठेवायचा?

आणि दिवसात पन्नास वेळा बघितलं की त्यात दोन-तीन आकडे विचित्र येणारच, कारण मशीन चुकतं आणि नाडीही नाचते. विचित्र आकडा आला की भीती, भीतीने नाडी वर, वर गेलेली नाडी पुन्हा घड्याळात. आता पुरावाही हातात आला!

अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये एक केस प्रसिद्ध केली. ७० वर्षांच्या एका बाईंना हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आजार खरोखरच होता. त्यांनी घड्याळावर एका वर्षात ९१६ वेळा ईसीजी काढला आणि त्या धास्तीने दवाखान्याच्या खेपा घातल्या. त्यांच्या हृदयात नवीन बिघाड नव्हता. शेवटी त्यांना मनाचे उपचार घ्यावे लागले. आजार खरा असूनही तपासणं हा वेगळा आजार होऊ शकतो, हे त्या केसमधून घेण्यासारखं आहे.

### सोडायचं कसं? एखादं उदाहरण सांगा.

सांगतो. ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत.

शहापुरात कापडाचा व्यापार करणारे एक काका, वय बावन्न. थोरले भाऊ अटॅकने गेले. दिवस-कार्य झाल्यावर पुण्यातल्या मुलाने काळजीने घड्याळ पाठवलं. दोन महिन्यांनी काका माझ्याकडे आले तेव्हा हातात जाड फाईल होती. ईसीजी, इको, पट्ट्यावर चालवून केलेली टेस्ट, थायरॉईड, शुगर, सगळं नॉर्मल. हृदयाच्या डॉक्टरांनी "काही नाही" म्हणून सांगितलं होतं. काका म्हणाले, "त्यांनी बघितलं त्या दिवशी काही नव्हतं. आज काय आहे, ते कुणाला माहीत?" वाक्य तर्काने बरोबर आहे आणि म्हणूनच त्याला अंत नाही.

मी त्यांना खुर्चीत बसवलं, घड्याळावर रुमाल टाकला आणि त्यांच्या दुसऱ्या मनगटावर बोटं ठेवून गप्पा मारत बसलो. साड्यांचा भाव, या वर्षीचं लग्नसराईचं गिऱ्हाईक. पाच मिनिटांनी नाडी ७६. मग रुमाल काढला आणि सांगितलं, आता दर अर्ध्या मिनिटाला घड्याळ बघा आणि आकडा मोठ्याने म्हणा. पाच मिनिटांत ते ९२ वर गेले, कपाळावर घाम आला. पुन्हा रुमाल, पुन्हा साड्या. ८० वर आले. काका जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे मीच ते वर नेतोय की!" तेवढ्यावर ते बरे झाले असं समजू नका. कळणं आणि वळणं यांत दहा आठवडे गेले.

पहिल्या आठवड्यात काहीच बदलायचं नाही, फक्त मोजायचं. बिलबुकाच्या मागच्या पानावर प्रत्येक वेळी एक रेघ आणि शेजारी कारण. सात दिवसांच्या रेघा अशा आल्या: ४१, ४७, ३८, ५२, ४४, ३६, ५८. एकूण ३१६, म्हणजे दिवसाला साधारण ४५. कारणं वाचताना काका स्वतःच चकित झाले. निम्म्याहून जास्त रेघांपुढे "उगीच" लिहिलं होतं. छातीत काही वाटलं म्हणून बघितलेल्या रेघा थोड्याच होत्या. सगळ्यात जास्त ५८ आल्या त्या रविवारी, दुकान बंद असताना. गिऱ्हाईक समोर असलं की हात कापडात गुंतलेला आणि मनही.

दुसऱ्या आठवड्यात घड्याळाचं तोंड बदललं. समोरच्या पडद्यावर नाडीचा आकडा दिसत होता, तो काढून नुसती वेळ ठेवली. दिवसभर आपोआप ऑक्सिजन मोजणं बंद केलं. रात्री घड्याळ झोपायच्या खोलीत नाही, देवघराच्या बाहेरच्या कोनाड्यात. आणि नियम असा: बघावंसं वाटलं की आधी दोन गोष्टी लिहायच्या. आकडा किती येईल असं वाटतंय आणि भीती दहापैकी किती. मग दहा मिनिटं थांबायचं. त्यानंतरही बघायचं असेल तर खुशाल बघायचं.

या कागदाने माझ्यापेक्षा जास्त काम केलं. काकांचा अंदाज ११० ते १२० चा असायचा, आकडा यायचा ८२, ८६. भीती सुरुवातीला सात लिहिलेली, दहा मिनिटांनी पाच, वीस मिनिटांनी तीन, काहीही न बघता. तिसऱ्या आठवड्यात थांबणं अर्ध्या तासावर नेलं. तेव्हा बऱ्याचदा मधेच गिऱ्हाईक यायचं आणि बघायचं राहून जायचं. चौथ्या आठवड्यापासून बघायच्या फक्त तीन वेळा ठरवल्या: सकाळी, दुपारी दोनला आणि रात्री जेवणाआधी. मध्ये धडधड झाली तरी ठरलेल्या वेळेलाच.

पाचव्या आठवड्यात गाडी घसरली. निपाणीला नात्यात कुणी गेलं, काका तिथे जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी पस्तीस रेघा. त्याहून महत्त्वाची गोष्ट काकूंनी सांगितली: "घड्याळ बघत नाहीत ओ, पण सारखं गळ्याला बोट लावून बसतात. आणि माझं बीपीचं मशीन कपाटातून गायब आहे." हे नेहमी होतं. घड्याळ बंद केलं की तपासणं दुसऱ्या दाराने घरात येतं. म्हणून रेघ घड्याळापुरती ठेवायची नाही. गळ्यावरचं बोट, बीपीचं मशीन, आरशात ओठांचा रंग बघणं, "माझा चेहरा कसा दिसतोय?" असं विचारणं, सगळ्यांची रेघ.

आणखी एक गोष्ट उघडी पडली. काका माळ्यावरचा माल आणायला चढायचेच बंद झाले होते, पोराला पाठवायचे. धडधड नको म्हणून धडधड होईल असं काहीच करायचं नाही. मग घड्याळ गल्ल्यात ठेवून दिवसातून एकदा दुकानाचा जिना तीन वेळा वर-खाली करायचा, खाली येऊन बसायचं आणि धडधड आपोआप उतरू द्यायची, असं सांगितलं. आधी माझ्यासमोर केलं. नाडी ११८ झाली आणि तीन-चार मिनिटांत नव्वदीत आली. निरोगी हृदय असंच वागतं, ते चढायच्या वेळी चढतं. हे फक्त तपासण्या नॉर्मल असलेल्यांनी आणि डॉक्टरांना विचारून करायचं.

दहाव्या आठवड्यात रेघा दिवसाला दोन-तीन होत्या. घड्याळ अजून मनगटावर आहे. भावाच्या वर्षश्राद्धाच्या आसपास पुन्हा वाढल्या आणि आपोआप उतरल्या. याला मी बरं होणं म्हणतो.

### सरळ घड्याळ काढून कपाटात टाकलं तर?

काहींना तेच जमतं आणि पुरतं. चारच दिवसांपासून सवय लागली असेल तर काढून टाका. पण महिनोन् महिने रोज चाळीस-पन्नास वेळा बघणाऱ्याने एका दिवसात काढलं, तर तो चौथ्या दिवशी आणखी घाबरून ते परत बांधतो आणि "याच्याशिवाय माझं चालत नाही" अशी खात्री पटवून घेतो. त्यांनी पायरी पायरीने.

निदान सेटिंगमध्ये जाऊन सतत ऑक्सिजन मोजणं आणि ताणाचा आकडा बंद करा. तो "ताण ७४" वगैरे आकडा तर मला फारच खटकतो. ठोक्यांमधल्या अंतरावरून काढलेला तो एक अंदाज आहे आणि लोक तो वाचून ताण घेतात.

### "ठोके अनियमित आहेत" अशी सूचना आली तर?

ही सूचना मात्र हसण्यावारी नेऊ नका आणि रात्री दोनला गाडीही काढू नका. अंगाला दुसरा काही त्रास नसेल तर एक-दोन दिवसांत पूर्ण ईसीजी काढून घ्या. वय पासष्टच्या पुढे असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर दुसऱ्याच दिवशी. ठोके खरोखर त्या प्रकारे बिघडले असतील तर हृदयात रक्ताची गाठ होऊन लकव्याचा धोका असतो आणि त्यावर औषध आहे.

पण सूचना म्हणजे निदान नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चार लाखांहून जास्त लोकांनी घड्याळ वापरलं. त्यांतल्या साधारण अर्धा टक्का लोकांनाच अशी सूचना आली. सूचनेनंतर ज्यांनी छातीवर पट्टी लावून पुन्हा तपासून घेतलं, त्यांच्यातल्या सुमारे एक तृतीयांश जणांतच तो बिघाड त्या वेळी दिसला. तरुणांत मधूनच एखादा जादा ठोका पडणं तर अगदी सामान्य आहे.

### कधी थांबायचं नाही?

छातीत मधोमध दाबल्यासारखं दुखणं, ते हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणं, सोबत घाम. बसलेल्या जागी दम लागून पूर्ण वाक्य बोलता न येणं. शुद्ध हरपणं. ओठ निळे पडणं. तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं. यांतलं काहीही असेल तर घड्याळ ९९ दाखवत असलं तरी १०८ ला फोन करा. हृदयाच्या झटक्यात ऑक्सिजन बऱ्याचदा चांगलाच असतो, त्यामुळे "ऑक्सिजन नॉर्मल आहे, सकाळी बघू" हा धोकादायक हिशेब आहे.

आकड्यांचं म्हणाल तर, स्वस्थ बसून बराच वेळ नाडी १२० च्या वर टिकली, किंवा ४० च्या खाली जाऊन चक्कर आली, तर त्याच दिवशी दाखवा. गरम केलेल्या बोटावर, नीट लावलेल्या चिमट्याने ऑक्सिजन पुन्हा पुन्हा ९२ किंवा त्याखाली आला तरीही तसंच, आणि ९० च्या खाली असेल तर लगेच. अचानक बटण दाबल्यासारखी नाडी १६०-१७० होते आणि तशीच अचानक उतरते, हाही प्रकार घाबरण्यातला नसतो. तो चालू असतानाच ईसीजी मिळाला तर उत्तम.

### आम्हाला जुना दमा किंवा हृदयाचा आजार आहे. आम्ही बघायचं नाही?

बघायचं, पण किती वेळा आणि कोणत्या आकड्यावर काय करायचं, हे तुमच्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. तंबाखूच्या वखारीत उभं आयुष्य काढलेल्या आणि बिड्या ओढून फुप्फुसं खराब झालेल्या माणसाला कधी कधी ८८ ते ९२ हाच योग्य ऑक्सिजन असतो. त्याच्या घरच्यांनी ९८ च्या नादात ऑक्सिजन वाढवला तर उलट अपाय होतो.

### मानसोपचाराला जायला हवं का? इथे कुठे?

तपासण्या नॉर्मल आहेत, तरी दिवसातला तास-दीड तास तपासण्यात जातो, झोप मोडते, कामधंदा किंवा जिना टाळला जातो, असं महिनाभर चाललं असेल तर जा. वर सांगितलेली पद्धत हीच मुळात मानसोपचारातली आहे आणि ती शिकलेला माणूस सोबत असला की लवकर जमते. गोळ्या लागल्या तर त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या काही दिवसांत धडधड थोडी वाढलेली वाटू शकते, म्हणून चौथ्या दिवशी बंद करू नका. झटपट गुंगी आणणारी गोळी खिशात घेऊन फिरणं मात्र मला घड्याळाचंच भावंड वाटतं.

बेळगावात बिम्सच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. धारवाडला सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. कुठेच जायला नको वाटत असेल तर १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो. भाषेची अडचण वाटत असेल तर फोन उचलल्यावर मराठीत बोलायचंय म्हणून सांगा.

### घरच्यांनी काय करायचं?

"बघू, किती दाखवतंय?" असं विचारू नका. "काही नाही हो तुम्हाला" हे दिवसातून वीस वेळा सांगू नका, कारण तुमचं ते सांगणंही घड्याळाच्या आकड्यासारखंच वापरलं जातं. एकदा सांगा, मग म्हणा, "हे मी मघाशी सांगितलंय. चला, चहा टाकते, तोवर शेंगा सोलून द्या." चिडूही नका. मुद्दाम कुणी घाबरत नाही.

शहापूरच्या काकांच्या बाबतीत खरी गंमत पुण्यात होती. घड्याळाचे आकडे मुलाच्या मोबाईलवरही जायचे. रात्री दोनला ११२ दिसले की सकाळी सातला फोन: "बाबा, रात्री काय झालं होतं?" झालं काहीच नव्हतं, काका पाणी प्यायला उठून घाबरून बसले होते. पण मुलाच्या फोननंतर त्यांचा अख्खा दिवस रेघांचा जायचा. मी मुलाशी बोललो. त्यानेही वडिलांचा मोबाईल-आलेख दिवसात किती वेळा उघडतो, ते मोजायचं कबूल केलं. पहिल्याच दिवशी एकोणीस वेळा. आठवडाभराने त्याने आकडे येणं बंद केलं आणि ठरवलं की रविवारी सकाळी फोन करायचा आणि धंद्याबद्दल विचारायचं. पहिल्या रविवारी दोघांनाही काय बोलावं सुचेना, असं काकू सांगत होत्या. मग पावसावर बोलले.